पीपीएफचा खरा वार्षिक परतावा: दादाच्या पासबुकावरून काढलेला हिशेब

दादाने पीपीएफमध्ये जमेल तेव्हा पैसे भरले होते. ३१ मार्च २०२५ची शिल्लक बघून तो म्हणाला, "१,८०,००० भरले, व्याज २५,५२७. म्हणजे १४ टक्के. तीन वर्षांनी भागलं तर वर्षाला पावणेपाचसुद्धा पडत नाहीत. मग ७.१ टक्के गेले कुठे?"

त्याच्या भागाकारात सगळे पैसे पहिल्या दिवसापासून खात्यात होते असं धरलेलं होतं. प्रत्यक्षात शेवटचे ४०,००० आठ महिनेही राहिलेले नव्हते. तारखा वेड्यावाकड्या असल्या की प्रत्येक रक्कम किती दिवस राहिली हे धरूनच दर काढावा लागतो. ते काम स्प्रेडशीटमधलं XIRR करतं.

मी पासबुकातून फक्त भरण्याच्या नोंदी उतरवल्या. भरलेली रक्कम उणे आणि शेवटची शिल्लक अधिक. दरवर्षीच्या व्याजाची नोंद घ्यायची नाही, कारण ते पैसे आपण खिशातून घातलेले नसतात आणि शेवटच्या शिलकेत ते आलेलेच असतात. व्याज उणे म्हणून टाकलं, तर दर उगाच खाली येतो.

```
     A             B
2    2022-06-10    -50000
3    2023-01-04    -30000
4    2023-04-20    -60000
5    2024-08-06    -40000
6    2025-03-31    205527

=XIRR(B2:B6,A2:A6)
```

तारखा मुद्दाम वर्ष-महिना-दिवस अशा लिहिल्या. आपल्या पद्धतीने 10/06/2022 लिहिलं, तर अमेरिकी मांडणीची शीट ती ६ ऑक्टोबर समजते आणि काही न बोलता चुकीचं उत्तर देते. 20/04/2023 मात्र तिला तारीख वाटतच नाही, मग #VALUE! दिसतं. खात्री करायला =A6-A2 करून पाहिलं. १०२५ दिवस आले, तेव्हा तारखा नीट बसल्याचं कळलं. सगळ्या रकमा अधिक चिन्हानेच टाकल्या तर #NUM! येतं.

उत्तर आलं ६.९८ टक्के. दादाचा जीव भांड्यात पडला, पण मला ७.१ आणि ६.९८ मधला फरक कुठून आला ते हवं होतं. १ एप्रिल २०२०पासून दर ७.१च आहे, त्यामुळे दर बदलल्याचा प्रश्न नव्हता.

कारण नियमात आहे. पीपीएफमध्ये व्याज दर महिन्याला मोजतात आणि तेही ५ तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर. १० जूनचे ५०,००० जुलैपासून मोजले गेले, २० एप्रिलचे ६०,००० मे महिन्यापासून. सगळ्यात लागली ती ६ ऑगस्टची नोंद. एका दिवसाने ४०,०००चं ऑगस्टचं व्याज गेलं, सुमारे २३७ रुपये. शीटमध्ये तीच रक्कम ५ ऑगस्टला घातली आणि शिल्लक २,०५,७६४ केली, तर उत्तर ७.०४ झालं. एवढ्या लहान खात्यात एका दिवसाचा हा परिणाम मला खरोखर मोठा वाटतो. म्हणून दादाला सांगितलं, तारीख पासबुकातली धर, बचत खात्यातून पैसे निघाल्याची नव्हे.

याची उलट बाजूही आहे. ४ जानेवारीला भरलेल्या ३०,०००ना जानेवारीचं पूर्ण व्याज मिळालं, म्हणजे पैसे नसतानाचे तीन दिवसही मोजले गेले. शिवाय व्याज वर्षातून एकदाच, ३१ मार्चला मुद्दलात मिळतं. तोवर ते सरळव्याजाने मोजलं जातं, तर XIRR वर्षाच्या तुकड्यालाही चक्रवाढ धरून दर काढतं. समजा, कोणी एकच रक्कम ५ ऑक्टोबरला भरली आणि ३१ मार्चला हिशेब केला, तर सहा महिन्यांचे ३.५५ टक्के व्याज १७७ दिवसांत मिळालेलं दिसतं आणि XIRR ७.४६ सांगतं. तेव्हा उत्तर ७.१च्या थोडं वर गेलं तर शीट चुकली असं समजू नये. वर्षं वाढत जातात तशी ही तफावत विरत जाते.

हिशेबाची शेवटची तारीख मात्र ३१ मार्चच घ्यावी आणि शिल्लक त्या वर्षाचं व्याज जमा झाल्यानंतरची. नोव्हेंबरात हिशेब केला तर एप्रिलपासूनचं व्याज पासबुकात आलेलंच नसतं आणि दर विनाकारण कमी दिसतो. जुन्या पासबुकाची पानं हरवली असतील, तरी अडत नाही. हाती असलेल्या पहिल्या वर्षाची १ एप्रिलची आरंभीची शिल्लक त्या दिवशी भरलेल्या रकमेसारखी उणे टाकायची आणि पुढच्या नोंदी तशाच. मग मिळणारा दर त्या तारखेपासूनचाच असतो, आधीच्या वर्षांचा नाही.