सुईच्या भोकाची मागची कड

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मला शिलाईचं पायमशीन बघायला बोलावलं होतं. इमारत पुनर्विकासाला गेलेली, महिनाभरात घर रिकामं करायचं होतं. मशीन आजींचं. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. नात म्हणाली, "काका, भंगारवाला किलोवर मागतोय. तुम्ही फक्त चालू करून द्या, बाकी मी फोटो काढून ऑनलाइन टाकते."

'फक्त चालू करून द्या' हे वाक्य मी महिन्यातून दहादा ऐकतो. चाक फिरलं की लोकांच्या लेखी मशीन चालू. हे तर फिरतही नव्हतं. आजींनी, किंवा त्यांच्यानंतर कुणीतरी, मशीनला खोबरेल पाजलं होतं. घरात हाताशी तेच असतं, म्हणून लोक तेच घालतात. ते वाळून डिंकासारखं घट्ट होतं आणि प्रत्येक सांधा धरून ठेवतं. डिझेलचे थेंब सोडत, चाक पुढंमागं हलवत बसलो. पाऊण तासाने ते सुटलं. मग सुईखालची प्लेट काढली. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या फटींत दोऱ्याच्या तुसांचा इतका कचरा दाबून बसला होता की त्याचा नमदा झाला होता. टोच्याने खरवडून काढला तर करंगळीएवढी काळी पट्टी हातात आली. ती वर्तमानपत्रावर टाकली आणि पुढच्या कामाला लागलो. ही पट्टी लक्षात ठेवा, मी ठेवली नाही.

नवा पट्टा घातला, मशीनचं तेल दिलं. वर लाल दोरा, खाली पांढरा, आणि दुपदरी सुती कापडावर हातभर टीप मारली. दोन रंग घ्यायचे ते एवढ्यासाठी की दोऱ्यांची गाठ कुठे बसते ते दिसावं. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली लाल दिसले तर कमी. इथे दोन्हीकडे काही दिसत नव्हतं, गाठ कापडाच्या पोटात बसत होती. मला माझाच अभिमान वाटला.

नातीने मोबाइलवर लिहिलं होतं, 'आजीची अँटिक मशीन, एकदम मस्त चालू, ५,००० फिक्स.' मी म्हटलं, ताई, हे खोडा. जुन्या मशीनच्या बाजारात मला कशाची चीड असेल तर या 'मस्त चालू'ची आणि काळ्या स्प्रेची. आमच्यातलेच काही कारागीर हेडवर स्प्रे मारतात, सोनेरी वेलबुट्टीचं नवं स्टिकर चिकटवतात, आणि घेणारा शिलाईच्या पहिल्या दिवशी रडतो. मग शिव्या सगळ्या कारागिरांना.

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. सुईची दांडी दोन बोटांत धरून हलवली तर किंचित डुलते. ती ज्या भोकातून चालते ते झिजलंय. त्यामुळे जाड कापडात सुई तिरकी जाते, शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही आणि जीन्सच्या चारपदरी शिवणीवर टाके सुटतात. उलटी टीप जात नाही, मॉडेलमध्ये ती सोयच नाही. बॉबिन भरायच्या चाकाचं रबर गेलंय. पाटाचा डावा कोपरा पाण्याने फुगलाय. सुती, अस्तर, ब्लाउजपीस यांवर टीप व्यवस्थित येते. किंमत ४,५००. ताई म्हणाली, "काका, हे वाचून कोण येणार?"

आठवडाभर खरंच कुणी आलं नाही. मग घणसोलीहून एक मुलगा आला, तेवीस-चोवीसचा. कळव्यात एका दुकानात नगावर ब्लाउज शिवतो, रात्री घरी स्वतःचं गिऱ्हाईक करायचं होतं. "जीन्सचं लिहिलं होतं म्हणून आलो," म्हणाला. "मला जीन्स शिवायचीच नाही. पण जो हे लिहितो, त्याने मशीन उघडून तरी बघितलंय."

पिशवीतून त्याने स्वतःचं कापड काढलं: साटीनची पट्टी, तिला अस्तर, गळ्याच्या गोलाईत कापलेली. बारीक सुई लावली आणि पायाचा जोर वाढवत गोलाई घेतली. तिसऱ्यांदा घेताना वरचा दोरा तुटला. त्याने तो नखावर धरून उजेडात पाहिला. तुटलेलं टोक स्वच्छ नव्हतं, पिंजलेलं होतं.

"ताण जास्त असेल," मी म्हटलं आणि चकती सैल केली. पुन्हा तुटला. त्याने काही न बोलता प्लेट काढली, उलटी केली आणि सुईच्या भोकात करंगळीचं नख फिरवलं. मग प्लेट माझ्यापुढे धरली. "काका, मागच्या कडेला लागतंय बघा."

मी नख फिरवलं. अडकलं. भिंग लावलं तर भोकाच्या मागच्या कडेला तीन-चार खड्डे आणि त्यांच्यावर आलेली धार. सुई कडेवर आपटली की असं होतं. माझं सुती कापड, जाडसर दोरा आणि सावकाश मारलेली सरळ टीप, यात ते जाणवलं नाही. साटीनच्या बारीक दोऱ्याला, वेगात, गोलाईत कापड वळवताना जाणवलं.

सुई मागच्याच कडेवर का आपटावी? कापड कुणी मागून ओढलं, की सुई मागे वाकते आणि भोक चुकते. ताई दारात उभी होती. म्हणाली, "आजी डाव्या हाताने मागून ओढायचीच. म्हणायची, मशीन आळशी झालंय, पुढे जातच नाही."

पुढे जात नव्हतं, कारण दातांत तो नमदा होता. दात वर यायला जागाच नव्हती. म्हणून ओढणं, म्हणून सुईचं आपटणं, म्हणून हे खड्डे. काळी पट्टी मी माझ्या हाताने काढली होती. कचरा इतका होता तर बाई शिवत कशा होत्या, हे मात्र मला विचारायला सुचलं नाही. एवढ्या वर्षांत शेकडो मशीनचे दात साफ केलेत. त्यानंतर भोकात नख किती वेळा फिरवलं, हे आता आठवायला गेलं की बरं वाटत नाही.

उपाय मोठा नव्हता. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची सुतळीएवढी पट्टी पिळून भोकातून ओवली आणि फक्त मागच्या कडेवर घासली. सगळीकडून घासलं तर भोक मोठं होतं आणि पातळ कापड आत ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटांनी नख अडकेना. त्याने तीच गोलाई पाच वेळा मारली, दोरा राहिला.

मुलाने ४,००० म्हटलं. ताईने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी मला भाव सांगायचा हक्क वाटत नव्हता. ती हो म्हणाली. पाचशे माझ्या नखाचे गेले असं मला वाटतं, ती तसं मानत नाही. मजुरीतून कापून घ्या म्हटलं, तर तिने पूर्ण दिली.

बिजागरीचे स्क्रू सोडून हेड गोणपाटात बांधलं. ते तो ठाण्याहून लोकलने मांडीवर घेऊन जाणार होता, स्टँड दुसऱ्या दिवशी टेम्पोने. निघताना त्याने कागद मागितला. ताईने जाहिरातीतल्या सगळ्या ओळी उतरवून सही केली. त्याने वाचला आणि मला परत दिला.

"काका, भोकाची ओळ राहिली. ती तुमच्या हातची लिहा."

मी लिहिली: सुईच्या भोकाची मागची कड घासलेली आहे, दोरा तुटू लागल्यास प्लेट बदलावी, मजुरी घेणार नाही. खाली माझा नंबर.