रोज पाणी घातलं तरी झाड मरतं तेव्हा

"नवं झाड आणलं की मी रोज न चुकता पाणी घालते, तरी महिन्याभरात ते मरतं. माझ्या हाताला गुणच नाही का?"

हाताचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा ते 'रोज न चुकता'च झाडाला भोवतं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. माती सतत चिकचिकीत राहिली की तिच्यातली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं. आपल्याला वाटतं त्याला तहान लागली आहे, आणि आपण आणखी पाणी घालतो.

गेल्या जुलैत आमच्या शेजारच्या इमारतीतली एक मुलगी मोगऱ्याची कुंडी घेऊन आली. "काकू, बघा ना, पानं पिवळी पडून गळताहेत. मी एकही दिवस चुकवला नाही." कुंडी चिनी मातीची, देखणी, पण तळाला भोकच नव्हतं. खाली खडे घातले होते. खडे घालून निचरा होतो हा समज फार पक्का आहे. पण भोक नसेल तर पाणी खड्यांत साचून राहतं, आणि भोक असेल तर खड्यांची गरजच नसते. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली की माती वाहून जात नाही, तेवढं पुरतं.

मी आधी फांदीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं दिसलं, म्हणजे झाड जिवंत होतं. आत तपकिरी, कोरडं लागलं असतं तर ती फांदी गेली असं समजायचं. खोड मातीजवळ काळं पडून मऊ झालं असेल, तर मात्र झाड वाचणं कठीण.

मग झाड बाहेर काढलं. आंबूस वास आला. आत नर्सरीच्या पिशवीतला लाल मातीचा गोळा जसाच्या तसा होता. आपल्याकडे नर्सरीत रोपं बहुतेक याच चिकट मातीत मिळतात. ती पावसाळ्यात लगदा होते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कडक, इतकी की घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने निसटून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. म्हणून रोप आणलं की गोळा पाण्यात बुडवून बाहेरची साधारण एक तृतीयांश माती बोटांनी अलगद सोडवावी. ओढाताण करू नये.

तिच्या मोगऱ्याची काही मुळं पांढरट, घट्ट होती. ती ठेवली. काळी पडलेली चिमटीत धरली की वरचं आवरण निसटून आत दोऱ्यासारखं काहीतरी उरायचं. ती सगळी स्वच्छ कात्रीने कापली. मुळं कमी झाली, म्हणून वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटल्या. लावायला भोकाची ६ इंची मातीची कुंडी घेतली. मोठी घेतली नाही, कारण थोड्या मुळांभोवती जास्त माती असली की ती वाळायला फार वेळ लागतो. मिश्रण दोन वाट्या बागेची माती, एक वाटी जुनं शेणखत आणि एक वाटी जाड रेती असं केलं. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात मी ते टाळते. एकदा पाणी दिलं, निथळू दिलं आणि दहा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवलं. मिश्रणातल्या जुन्या शेणखताखेरीज वरून खत अजिबात नाही. आजारी झाडाला खत घालण्याचा मोह होतो, पण दुखऱ्या मुळांना ते झेपत नाही.

पुढचं पाणी कधी, हे तारखेवर ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली, माती बोटाला चिकटली, तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत भरपूर घाला आणि बशीतलं पाणी ओतून टाका. जुलैत ढगाळ, दमट हवेत तिच्या मोगऱ्याला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी पुरलं. पाऊस सरळ ग्रिलमध्ये आला की तेही नको. असाच मोगरा एप्रिलमध्ये पश्चिमेच्या ग्रिलवर रोज पाणी मागतो.

उन्हाचंही सांगते. मोगऱ्याला चार-पाच तास थेट ऊन हवं. तिची खिडकी समोरच्या टॉवरच्या सावलीत होती, आणि कमी उन्हात मातीही लवकर वाळत नाही. म्हणून बरा झाल्यावर मोगरा गच्चीवर हलवला आणि खिडकीत तिने मनीप्लँट लावला. पाचव्या आठवड्यात मोगऱ्याला खोडाच्या मधल्या पेरातून दोन पोपटी फुटवे आले. फुलं मार्चच्या शेवटी धरली.