सरांचे दहा हजार बोल्ट

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज आला आणि खरं सांगतो, स्नेहसंमेलन वगैरे काहीच आठवलं नाही, आठवला तो ज्युनियर कॉलेजचा फळा आणि त्यावर सरांनी आडवं काढलेलं झाड. संभाव्यतेचा धडा चालू होता. बेजचं सूत्र पुस्तकात होतंच, पण सर म्हणाले ते झाका, आपण दहा हजार बोल्ट घेऊ.

गणित पुस्तकातलंच होतं. तीन मशीन, अ निम्मे बोल्ट बनवतं, ब ३० टक्के, क २० टक्के. खराब निघायचं प्रमाण अ चं १ टक्का, ब चं २, क चं ५. बोल्ट खराब निघाला तर तो क चा असायची शक्यता किती? सोपं होतं, खराब एकूण ५० अधिक ६० अधिक १०० म्हणजे २१०, त्यातले क चे १००, म्हणजे जवळपास ४८ टक्के. आम्ही खूश. मग सरांनी झाडाला अजून एक फांदी फोडली. म्हणाले, अरे बोल्ट खराब आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? तपासणीच्या यंत्राने घंटी वाजवली, एवढंच तुम्हाला माहितीये. आणि हे यंत्र खराब बोल्टवर शंभरात ९० वेळा वाजतं, पण चांगल्या बोल्टवरही १० वेळा उगाचच वाजतं.

आता मोजा. अ चे ५,००० बोल्ट, त्यातल्या ५० खराबांवर ४५ घंट्या, पण ४,९५० चांगल्यांवर ४९५! म्हणजे ५४० घंट्या, बहुतेक सगळ्या खोट्या. तसंच ब च्या ३४८ आणि क च्या २८०, त्यात खऱ्या ९०. एकूण १,१६८. घंटी वाजल्यावर क वरचा संशय २८० भागिले १,१६८, म्हणजे फक्त २४ टक्के. घंटीच्या आधीही २० होताच की! वर्गात शांतता. चांगले बोल्ट इतके जास्त असतात की त्यांच्या खोट्या घंट्यांखाली खऱ्या दबून जातात, आणि सगळ्यात जास्त खोट्या घंट्या येतात त्या सगळ्यात जास्त माल काढणाऱ्या मशीनच्या.

मग सरांनी विचारलं, तोच बोल्ट पुन्हा तपासला, पुन्हा घंटी वाजली, आता? मी फुशारकीने फळ्यापाशी गेलो. क ची घंटी वाजायचं प्रमाण १४ टक्के (२,००० मध्ये २८०), मग १४ गुणिले १४, तसंच बाकीच्यांचं, उत्तर आलं २८ टक्के. सर नुसते हसले आणि खडूने मधली फांदी ठोकली, म्हणाले ही कुठे गेली? दुसऱ्या घंटीच्या वेळी बोल्ट बदललेला नाही, खराब असेल तर तो तसाच खराब आहे. त्यामुळे गुणाकार मशीनपाशी करायचा नाही, चांगला-खराब ठरल्यानंतरच्या फांदीवर करायचा. क च्या १०० खराबांपैकी दोन्ही वेळा वाजणारे ८१, १,९०० चांगल्यांपैकी १९, झाले १००. अ चे ९०, ब चे ७८. एकूण २६८, म्हणजे क वर ३७ टक्के. २८ आणि ३७ मधला फरक नुसता मधली पायरी गिळल्यामुळे. मला अजून तो खडूचा आवाज आठवतो.

पुढे मी एका कारखान्यात क्वालिटीला लागलो (नाव नको) आणि तिथे हेच झाड समोर उभं राहिलं. गेज लाल दिवा लावायचं, सुपरवायझर तोच पीस उचलून त्याच गेजवर परत लावायचे, परत लाल, की झालं, "दोनदा आलंय, त्या तिसऱ्या मशीनचंच काम". पण पिसावर तेलाचा थर किंवा बारीक बुरादा असला तर चांगला पीससुद्धा दुसऱ्यांदा लाल येणारच, कारण तो पुसलाच नव्हता ना. सरांचं ३७ तेव्हाच खरं, जेव्हा दुसरी घंटी पहिलीशी संगनमत करून वाजत नाही. चूक दर वेळी तीच होणार असेल, आणि खराब पीसही दर वेळी सापडणार असेल, तर दुसरी घंटी नवीन काहीच सांगत नाही, गाडी २४ वरच अडकते.

हे ओळखायची आमची पद्धत साधी होती. मापून खात्री केलेले, नक्की चांगले असे पीस बाजूला ठेवायचे, मशीनवरच्यासारखेच तेलकट करायचे, गेजवर दोन-दोनदा लावायचे आणि एकदा लाल आलेल्यांपैकी परत लाल किती येतात ते मोजायचं. दहातला एखादाच आला तर सरांसारखा गुणाकार चालेल. जवळपास सगळेच आले तर गुणाकार विसरा, पीस फडक्याने पुसा आणि दुसऱ्या गेजवर लावा. सुपरवायझर सुरुवातीला वैतागायचे, म्हणायचे पोरगं कॉलेजचं गणित काढून बसलंय. नंतर गेजशेजारी फडकं कायमचं ठेवलं, ते मात्र त्यांनीच.