आजाराचं नाव न सांगता रजा

‘मॅडम, मला एक दिवस घरी राहायचंय. मनाचं दुखणं आहे, औषधं चालू आहेत, पण ऑफिसात कुणाला कळायला नको. रजा मागू कशी?’

आदल्या दिवशी ठरवता येत असेल तर सरळ सीएल टाका. कारणाच्या रकान्यात ‘खासगी काम’ एवढं पुरतं. मी एचआरमध्ये आहे, रोज असे अर्ज बघते. त्या दोन शब्दांवर कुणाची नजर थांबत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सीएल आहेत. त्या तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. अगदी लहान आस्थापनांना आणि मॅनेजरच्या पदावरच्यांना हा कायदा लागू नाही. तिथे कंपनीचं रजेचं धोरण काय म्हणतं ते बघायचं.

पण असं दुखणं आदल्या दिवशी सांगून येतंच असं नाही. आमच्या क्लेम्समधल्या एका मुलाचं सांगते. बदलापूरहून लोअर परळला येणारा. डॉक्टरांनी रात्रीच्या गोळीचा डोस वाढवला आणि सकाळी त्याला डोळेच उघडवेनात. त्या अवस्थेत गर्दीच्या लोकलला लोंबकळणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याने साहेबांना पाठवायचा मेसेज आधी मला दाखवला. झोप लागत नाही, घरी टेन्शन आहे, गेले काही आठवडे कसे गेले, सगळं त्यात. आजाराचं नाव तेवढं नव्हतं, बाकी काही सांगायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. कापून कापून हे उरलं:

‘सर, आज तब्येत बरी नाही, एसएल घेतोय. कालच्या फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये आहेत. एजंटांचे फोन शेजारच्या टेबलावरच्या मॅडम घेतील, त्यांच्याशी बोललोय. उद्या येतो.’

साहेब मंडळी खरं तर यातला दुसरा भाग वाचतात. काम अडणार नाही हे कळलं की चौकशीची निम्मी गरज संपते. आणि हा मेसेज एकट्या साहेबांना पाठवायचा, टीमच्या ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकला की ‘गेट वेल सून’च्या मागोमाग ‘काय झालं रे?’ येतंच.

तरी साहेबांचा फोन आला. ‘काय रे, काय झालं?’

‘डॉक्टरांना दाखवलंय सर, औषध बदललंय, त्याने गुंगी येतेय. आज आराम करतो.’

यातलं अक्षरही खोटं नाही. आणखी खोदलं असतं तर ‘काळजीचं काही नाही सर’ म्हणून गप्प बसायचं, असं आमचं ठरलं होतं. तशी वेळ आली नाही.

‘ताप आहे’ असं मात्र ठोकून देऊ नका. पावसाळ्यात मुंबईत ताप म्हटलं की दुसऱ्या दिवशी अख्खा फ्लोअर ‘डेंग्यूची टेस्ट केलीस का, प्लेटलेट किती?’ विचारत टेबलाशी येतो. लोकल बंद असल्याची थाप तर कुणी मारूच नये, एम-इंडिकेटर सगळ्यांच्याच फोनमध्ये असतं.

खरी गोम सर्टिफिकेटात आहे. एका दिवसासाठी सहसा कुणी मागत नाही, पण रजा लांबली की बहुतेक कंपन्या मागतात. डॉक्टरांच्या रजेच्या सर्टिफिकेटचा जो नमुना ठरलेला आहे, त्यात रुग्णाला काय झालंय त्यासाठी मोकळी जागा असते. शिवाय लेटरहेडवर डॉक्टरांच्या नावाखाली ‘मानसोपचारतज्ज्ञ’ छापलेलं असेल तर मजकूर कितीही मोघम ठेवा, कागद बोलतोच. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांना खरं काय ते सांगा, त्यांच्याकडून तपासून घ्या आणि ‘वैद्यकीय कारणास्तव अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक’ एवढंच लिहाल का, असं विचारा. पुष्कळ जण लिहून देतात. भलत्याच आजाराचं नाव मात्र लिहायला सांगू नका. खोटं सर्टिफिकेट देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत गैरवर्तन आहे आणि उद्या चौकशी झाली तर तुम्हीही अडकाल. औषधाची चिठ्ठी किंवा फाइलचा फोटो पुरावा म्हणून कधीच पाठवू नका. गोळ्यांची नावं गूगल करायला कुणालाही मिनिट लागत नाही. रजेच्या पोर्टलवर चढवलेला कागद तर तुमच्या नावापुढे वर्षानुवर्षं राहतो. साहेब बदलले तरी नवे साहेब तो उघडू शकतात.

हे सगळं अधूनमधूनच्या एका दिवसापुरतं चालतं. दर सोमवारी एसएल पडायला लागली की आमच्या रिपोर्टमध्ये तो नमुना आपोआप वर येतो आणि मग मलाच तुम्हाला बोलवावं लागतं. त्या बैठकीतही आजाराचं नाव सांगायची गरज नसते. ‘एका उपचारामुळे पुढचे दीड-दोन महिने सकाळी लवकर पोचणं जमणार नाही, अकराची शिफ्ट मिळेल का’ असं विचारा. मला शिफ्ट बदलायला एवढं पुरतं. मात्र हे बोलणं मी बोलवायच्या आधी, तुमच्याकडून आलं तर बरं.