पुसलेल्या फायली परत आल्या तेव्हा

शनिवारी दुपारी जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवून पाहिला, आणि आठ दिवसांपूर्वी पुसलेली ६४० शेतकऱ्यांची कागदपत्रं जशीच्या तशी समोर उभी राहिली. आधार, सातबारा, आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान, सगळं होतं. दुकानात कोणती माहिती किती दिवस ठेवायची आणि कधी पुसायची, या धोरणाचा कागद टेबलावरच पडला होता. त्यावर आम्ही लिहिलं होतं, 'अनुदान जमा झाल्यावर १८० दिवसांनी कागदपत्रं नष्ट केली जातील.' ते वाक्य त्या क्षणी खोटं होतं.

दुकान रावेर भागातलं, ठिबकचं. मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, बिलिंगला एक ताई आणि शेतावर जाणारे दोन सेल्समन. गिऱ्हाईक बहुतेक केळीवाले. बाहेरच्याला वाटेल, पाइप विकणाऱ्याकडे कसली आली गोपनीय माहिती. पण ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा तर शेतकऱ्याची निम्मी कुंडली दुकानात जमा होते. वर्षानुवर्षं ती साठत जाते आणि कुणी काढत नाही. इथे `D:\Kagadpatra` या एका फोल्डरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक असे १९०० च्या आसपास फोल्डर होते.

किती दिवस काय ठेवायचं, यावर आप्पांचं पहिलं उत्तर होतं, "राहू द्या ना भाऊ, खायला मागतात का ते?" त्यांचं कारणही साधं नव्हतं. एकाच जमिनीवर ठिबकचं अनुदान पुन्हा घ्यायला सात वर्षं थांबावं लागतं, मग तोच शेतकरी सात वर्षांनी येईल तेव्हा कागद हाताशी नकोत का? पण सात वर्षांपूर्वीचा सातबारा त्या अर्जाला चालतच नाही. मधे वाटणी होते, फेरफार होतो, नाव चढतं-उतरतं. अर्जाला ताजाच उतारा लागतो. मग सात वर्षं ठेवायचं काय, तर गट नंबर, क्षेत्र, बिल नंबर आणि अनुदान जमा झाल्याची तारीख. एवढ्याला एक्सेलची एक ओळ पुरते, आधारची प्रत लागत नाही. हे पटल्यावर आप्पांनी स्वतःच १८० दिवस सुचवले. अनुदान जमा झाल्यावर त्रुटीचा किंवा तपासणीचा प्रश्न निघालाच तर तेवढ्यात निघतो, असा त्यांचा अनुभव.

हिशेबाचं मात्र आपल्या मनावर नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वहीखाती त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. लोक ही सहा वर्षं मार्चपासून मोजतात आणि तिथेच चुकतात. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला देय होतं, म्हणून त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवीत. अपील चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा ही मुदत, यांतलं जे उशिरा येईल ते. दुसऱ्या बाजूला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की काम संपलं की माहिती पुसा. दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावलेली तेवढी वगळा. म्हणजे एकाच शेतकऱ्याचं बिल सहा वर्षांवर ठेवायचं आणि त्याच्याच आधारची प्रत सहा महिन्यांत घालवायची. इथपर्यंत दीड पानात सगळं बसलं.

अडलं बॅकअपपाशी. पुसलेल्या फायली ज्या प्रतीतून परत आल्या, ती महिन्यापूर्वी सगळा `D:` ड्राइव्ह एकत्र उचलून केलेली होती. टॅली, कागदपत्रं, दरपत्रकं सगळं एका गठ्ठ्यात. त्या गठ्ठ्यातून फक्त ६४० फोल्डर काढायला कुणी बसणार नाही. आणि पूर्ण गठ्ठा ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवायचा म्हटलं, तर आधारच्या प्रतीही त्याच्याबरोबर २०३० पर्यंत राहणार. धोरण लिहिताना बहुतेक ठिकाणी हीच गोष्ट सुटते. माहिती किती दिवस राहते, हे चालू फोल्डरवरून ठरत नाही, तिची सर्वांत जुनी प्रत किती दिवस जगते यावरून ठरतं.

म्हणून पहिलं काम गठ्ठा फोडण्याचं. ज्यांचं आयुष्य वेगळं, त्यांचा बॅकअप वेगळा.

कागदपत्रांसाठी आधीच्या कुणीतरी बनवून दिलेली एक बॅच फाइल रोज संध्याकाळी चालत होती. तिच्यात विंडोजच्या रोबोकॉपी या प्रती काढणाऱ्या कमांडची ही एकच ओळ होती:

```
robocopy D:\Kagadpatra E:\Kagadpatra /MIR
```

`/MIR` म्हणजे आरसा. मूळ फोल्डरमधून जे गेलं ते प्रतीतूनही जातं. ताईंच्या हातून एखाद्या शेतकऱ्याचा फोल्डर चुकून पुसला गेला, तर संध्याकाळी बॅकअपच इमानेइतबारे तो दुसऱ्यांदा पुसणार. असं एकदा झालंही होतं, आणि "डिस्क खराब आहे" म्हणून नवी डिस्क आणली गेली होती. डिस्कचा काही दोष नव्हता.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे `/MIR` काढून `/E` टाकणे. तो उलट्या बाजूने फसतो. `/E` नवीन फायली भरतो, पण जुनी एकही काढत नाही. मग मुद्दाम पुसलेला आधार त्या प्रतीत कायमचा बसून राहतो. खरी गडबड आरशात नव्हती, आरसा एकच होता यात होती. वाराप्रमाणे सहा फोल्डर केले की तोच `/MIR` बरोबर ठरतो. सोमवारची प्रत म्हणजे सोमवारचं हुबेहूब चित्र, आणि पुढच्या सोमवारी ते बदलतं.

```
robocopy D:\Kagadpatra E:\Som\Kagadpatra /MIR /R:2 /W:5 /LOG:E:\Log\Som.txt
```

`/R:2 /W:5` शिवाय ही ओळ वापरू नये. हे न दिल्यास रोबोकॉपी अडलेली फाइल दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा उचलायला बघते. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने अडवून धरली की पडदा तिथेच गोठलेला दिसतो, आणि घरी जायच्या घाईत माणूस खिडकी बंद करतो. ताई दोन वर्षं तेच करत होत्या आणि त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल; बंद केल्यावर काय होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लॉगची फाइलही `Som` च्या बाहेर ठेवली, म्हणजे आरशाच्या तावडीत सापडत नाही. लॉगच्या शेवटी एक तक्ता येतो. त्यात `FAILED` या रकान्याखाली शून्य आहे का, एवढंच ताईंनी रोज पाहायचं आणि वहीत सही करायची.

ही वारांची डिस्क दुकानातल्या कपाटात. संध्याकाळी लावायची आणि काम झालं की काढायची, कारण कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्या दृष्टीने त्याच संगणकाचा भाग असते. दुसरी डिस्क आप्पांच्या घरी. ती दर शनिवारी दुकानात येते. तिच्यावर आठवड्याचा एक फोल्डर, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तीन मासिक फोल्डरांपैकी सर्वांत जुन्यावर नवी प्रत. आपल्याकडचा मे महिना बघता ती गाडीच्या डिकीत राहू नये, हेही धोरणात लिहिलं. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्यासाठी ३५ अंशांचीच मर्यादा असते.

आता हिशेब मांडता येतो. शेवटच्या शनिवारची प्रत झाल्यावर सोमवारी एखादा आधार पुसला, तर त्या मासिक फोल्डरवर पुन्हा लिहिलं जाईपर्यंत तो उरतो, म्हणजे साधारण तीन महिने, कधी त्याहून आठवडाभर जास्त. तेव्हा धोरणातलं वाक्य बदललं: 'अनुदान जमा झाल्यावर १८० दिवसांनी चालू नोंदीतून आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत सर्व प्रतींतून नष्ट होतील.' हे वाक्य खरं आहे. दुकानच जळालं तर किती काम जाईल, याचंही उत्तर मिळालं. जास्तीत जास्त एक आठवड्याचं. ते चालेल का, हे आप्पांनी ठरवायचं होतं आणि त्यांनी होकार दिला.

टॅलीची प्रत वेगळी. टॅली बंद केल्याशिवाय तिचा फोल्डर उचलायचा नाही, अर्धवट लिहिलेल्या फायली येतात. वर्षाची कायमची प्रत ३१ मार्चला न करता ऑडिट संपल्यावर करायची, कारण तोवर मागच्या वर्षात नोंदी पडतच असतात. तिच्या दोन डिस्क, आणि लेबलवर टॅलीची आवृत्ती व नष्ट करायची तारीख. पेनड्राइव्हवर ती सहा वर्षं टाकून ठेवू नये. चाचणी घेताना नव्या रिकाम्या जागी उतरवायची, चालू कंपनीवर कधीच नाही. मग तेरीज आणि शेवटचा बिल नंबर मूळ संगणकाशी जुळवायचा. फाइल 'उघडली' म्हणजे चाचणी झाली, असं मानणारे फार आहेत.

एवढं करूनही परत येण्याचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. उद्या संगणक गेला आणि मासिक प्रत उतरवली, तर दरम्यान पुसलेले शेतकरी पुन्हा हजर होणारच. त्यासाठी पुसण्याची नोंदवही केली. त्यात तारीख, गिऱ्हाइकाचा क्रमांक, काय पुसलं आणि कुणी, एवढंच. आधार क्रमांक नाही. प्रत उतरवली की प्रतीच्या तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी वहीत बघून पुन्हा पुसायच्या, मगच दुकान चालू करायचं. ही वही कागदाचीच हवी. संगणकावर ठेवली तर बॅकअपबरोबर तीही महिनाभर मागे जाते आणि नेमक्या हव्या त्याच नोंदी तिच्यात नसतात. त्या शनिवारी आमच्याकडे अशी वही नव्हती. ६४० फोल्डर एक्सेलमधल्या अनुदानाच्या तारखा लावून ताईंनी पुन्हा शोधले, आणि त्यात रात्रीचे नऊ वाजले.

धोरणाच्या तक्त्यात शेवटची ओळ मात्र अजून अर्धीच आहे. सेल्समन बांधावर उभे राहून सातबाऱ्याचा आणि आधारचा फोटो काढतात आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकतात. तो फोटो त्यांच्या गॅलरीत राहतो, आणि बॅकअप चालू असेल तर त्यांच्या स्वतःच्या गुगल खात्यातही जातो. डिस्क आपल्या कपाटातली, ती फिरवता येते. फोन त्यांचा, खातं त्यांचं. दुकानाच्या दोन फोनचा खर्च आप्पांना सांगितलाय. "केळीचा हंगाम जाऊ द्या, बघू," म्हणाले. तोवर दर शनिवारी दोघांनी ताईंसमोर ते फोटो गॅलरीतून आणि ट्रॅशमधूनही काढायचे, असं ठरलंय. तक्त्यात 'कुठे आहे' या रकान्यात 'सेल्समनचा फोन' लिहिलंय आणि 'किती दिवस' हा रकाना मी रिकामा ठेवलाय. तिथे सात दिवस लिहिणं सोपं होतं, पण गुगल खात्यातल्या प्रती धरल्या तर तेही खोटं ठरेल.