आमची वाटचाल: दाळ मिलच्या डॅशबोर्डवर काय हॉवरमध्ये, काय आत आणि काय वेगळ्या पानावर

लातूरला गंजगोलाईच्या मागं आमचं छोटं ऑफिस आहे. सुरुवात टॅली आणि जीएसटीच्या कामापासून झाली, मग हळूहळू एक्सेलचे रिपोर्ट आणि आता बऱ्यापैकी काम पॉवर बीआयच्या डॅशबोर्डचं. गिऱ्हाईक बहुतेक एमआयडीसीतले दाळ मिलवाले. आम्ही कसे वाढलो त्यापेक्षा आमच्या कामाची पद्धत कशी ठरली हे सांगतो, कारण तीच आमची खरी कमाई आहे आणि ती एका तूर मिलच्या कामातून ठरली.

शेठची मागणी सरळ होती, सगळं एका पानावर पाहिजे. आवक, भाव, ओलावा, उतारा, दाळीच्या प्रतींपैकी फटका किती, सवा नंबर किती, चुनी-भुसा किती, कोणत्या पार्टीचा माल. पहिला नमुना बघून तेच म्हणले, "एवढं सगळं दावलालाव ओ, पण उतारा का पडला ते कुठं हाय?" बरोबरच होतं त्यांचं, पानावर माहिती भरपूर होती पण प्रश्नाचं उत्तर शोधायला चष्मा लावून बसायला लागायचं.

मग आम्ही पानावर एकच गोष्ट मोठी ठेवली, उतारा. शंभर क्विंटल तुरीतून किती क्विंटल दाळ निघाली, आठवड्याचे बार. बाकी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा बारवर विश्वास ठेवायला लागतो का, की त्याच उताऱ्याचे तुकडे आहेत, की हा प्रश्नच वेगळा आहे?

विश्वास ठेवायला जे लागतं ते टूलटिपमध्ये, म्हणजे बारवर माऊस नेला की उघडणाऱ्या छोट्या चौकटीत. उदाहरणार्थ एका आठवड्याचा उतारा 68 दिसला तर आधी कळायला पाहिजे की त्या आठवड्यात तूर किती दळली. चाळीस क्विंटलच असेल तर त्या बारचं टेन्शन घ्यायचं काम नाही, चार हजार असेल तर मात्र मिलमध्ये जाऊन बघावं लागेल. म्हणून टूलटिपमध्ये चारच ओळी: तूर किती, दाळ किती, लॉट किती, सरासरी ओलावा. जास्त काही नाही, कारण टूलटिप माऊस हलला की जातं, आणि आपण जे टूलटिपचं वेगळं पान बनवतो त्यातल्या चार्टवर क्लिकही होत नाही. तिथं पार्टीची यादी टाकली तर वाचता वाचता गायब होणार.

दुसरी अडचण म्हणजे शेठ सकाळी अडतीवर उभं राहून फोनवर बघतात. फोनवर हॉवर नावाचा प्रकारच नाही, बोट दाबून धरावं लागतं आणि ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मुनीमजी तर पानाचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, त्यात टूलटिप येतच नाही. म्हणून जे कळल्यावर निर्णय बदलू शकतो असं काही फक्त टूलटिपमध्ये ठेवायचं नाही हे आम्ही पक्कं केलं. याची टेस्ट सोपी आहे, पानाची प्रिंट काढा आणि न बोलता शेठच्या हातात द्या. त्यांनी "आन तूर किती दळली होती?" असं विचारलं तर तो आकडा टूलटिपमधून वर आणा. आमच्याकडं तसंच झालं, तूर किती हे आता बारखालीच छोट्या अक्षरात असतं.

आता ड्रिल-डाऊन. त्यात मोजमाप तेच राहतं, फक्त तुकडे बारीक होतात: महिना, आठवडा, लॉट. इथं दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे उताऱ्याची सरासरी. समजा एक लॉट 300 क्विंटलचा, उतारा 74, म्हणजे 222 क्विंटल दाळ. दुसरा 50 क्विंटलचा, उतारा 66, म्हणजे 33. दोन टक्क्यांची सरासरी काढली तर 70 येते, पण खरा उतारा 350 तुरीला 255 दाळ, म्हणजे 72.9. लहान लॉटनं मोठ्याला खाली ओढलं असं खोटं चित्र दिसतं आणि खाली-वर जाताना आकडे जुळत नाहीत. म्हणून टक्केवारी कॉलममध्ये साठवायची नाही, वजनावरून काढायची:

```
Recovery = DIVIDE(SUM(Lots[DalQtl]), SUM(Lots[ToorQtl]))
```

दुसरी गोष्ट म्हणजे आतला प्रत्येक तुकडा वरच्या एकाच डब्यात बसला पाहिजे. शनिवारी सुरू झालेला लॉट सोमवारी संपला तर कोणत्या आठवड्याचा? आम्ही संपल्याची तारीख धरतो, मुनीमजी तेच धरतात. पण पार्टीचं तसं होत नाही. मिलवाले दोन-तीन पार्ट्यांचा माल मिसळून एक लॉट बनवतात, त्यामुळं लॉटच्या खाली पार्टी लावली तर तो लॉट तिन्ही पार्ट्यांखाली दिसतो आणि दाळ तिप्पट मोजली जाते. एकाचे अनेक डबे होत असतील तर तिथं ड्रिल-डाऊन थांबवायचं, पुढचं सगळं वेगळ्या पानावर.

वेगळं पान म्हणजे एका लॉटची कुंडली. बारवर लॉटपर्यंत उतरलं की राइट क्लिक करून Drill through नं तिथं जायचं. या पानावर हिशोब असतो, तूर आत किती आली आणि बाहेर काय काय गेलं. त्या 66 वाल्या लॉटचंच बघा: तूर 50 क्विंटल, दाळ 33, तुकडा 3.5, चुनी 5.5, भुसा 5.5 आणि घट 2.5. आता शेठ म्हणणार अडीच क्विंटल गेलं कुठं, चोरी झाली का काय. पण त्या मालाचा ओलावा येताना 13.5 टक्के होता आणि वाळवून 10 वर आला, म्हणजे 50 चे साधारण 48 राहतात. दोन क्विंटल तर नुसतं पाणी उडालं. राहिला अर्धा क्विंटल, तो धुळीत आणि माती-खड्यात गेला असणार. म्हणजे घटीपेक्षा तुकडा आणि चुनी बघायची गरज आहे, आणि ते बघायला रोलरची सेटिंग, तेल-पाणी कधी लावलं, माल किती वेळ वाळवला हे सगळं लागतं. ते टूलटिपमध्ये मावायचं नाही आणि उताऱ्याचे तुकडेही नाहीत, तो प्रश्नच वेगळा, म्हणून त्याला स्वतःचं पान.

या पानावर एक खोड येते ती सांगून ठेवतो. समजा शेठनं मुख्य पानावर फक्त फटका निवडलेला आहे आणि तिथून लॉटच्या पानावर आले. Keep all filters चालू असेल, आणि सुरुवातीला ते चालूच असतं, तर निवड सोबत येते. मग दाळीत फक्त फटका दिसतो, चुनी-भुसा कोरे आणि हिशोब 50 ला जाऊन भिडतच नाही. आम्ही हे पान बनवताना ते बंद करतो आणि पानाच्या वर एक कार्ड ठेवतो, "आत वजा बाहेर", जे नेहमी शून्य असलं पाहिजे. शून्य नाही दिसलं की फोन यायच्या आधी आम्हालाच कळतं.

पुढं परभणीच्या जिनिंगवाल्यांचं काम आलं तेव्हा हीच चाळणी लावली, रुई-सरकी-घट. तिथं ड्रिल-डाऊन जवळपास लागलंच नाही, कारण त्यांना आठवड्यापेक्षा एका गाडीच्या कापसाचं पडलेलं असतं, म्हणून मुख्य पानावर गाड्यांचीच यादी दिली आणि ओळीवरून थेट गाडीचं पान. कोटेशन देताना आता आम्ही पानाचे पैसे लावतो, टूलटिपचे नाही, आणि त्यामुळं गिऱ्हाईकच विचारायला लागलंय, "हे पान लागतंय का नक्की?"