‘अजून कुठे मुलाखती सुरू आहेत का?’ या प्रश्नाला मी दिलेली तीन उत्तरं

पहिलं उत्तर खोटं होतं, आणि ते मी विक्रोळीच्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दिलं. एचआरच्या मॅडमनी फोनवर विचारलं, “अजून कुठे मुलाखती सुरू आहेत का? दुसरी काही ऑफर आहे का हातात?” हातात काहीच नव्हतं. तरी मी म्हटलं, “हो, एक आहे. १४ लाखांची.” वाटलं होतं, विषय तिथेच संपेल. त्या शांतपणे म्हणाल्या, “छान. यात फिक्स्ड किती? लेटर कधीचं आहे? जॉइनिंगची तारीख काय दिलीय?” मी चाचरत काहीतरी आकडे सांगितले. शेवटी त्या म्हणाल्या, “लेटरची कॉपी मेल करा, म्हणजे मला त्यावर बजेटची मंजुरी घेता येईल.”

म्हणजे त्या मला पकडायला बघत नव्हत्या. माझं म्हणणं खरं धरून त्या माझ्यासाठी वर बोलायला निघाल्या होत्या. त्यांच्या पुढच्या दोन मेलना मी उत्तरच दिलं नाही. काय देणार?

दुसऱ्या ठिकाणी मी दुसऱ्या टोकाला गेले. “नाही हो, कुठेच नाही, फक्त तुमच्याकडेच.” पगाराचा आकडा आला तो बेताचा, आणि उत्तर द्यायला दोन दिवस. माझ्या त्या वाक्यामुळेच असं झालं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वाढवून मागताना माझ्याकडे धरायला काही उरलं नव्हतं हे नक्की.

त्या वर्षी गणपतीत मावशीकडे माझा मावसभाऊ भेटला. दादा बरीच वर्षं भरतीचं काम करतो. त्याला दोन्ही प्रसंग सांगितले तेव्हा तो म्हणाला, “अगं, या एका प्रश्नात आम्ही तीन गोष्टी विचारत असतो. आमच्याकडे किती दिवस आहेत, होकार दिलास तर खरंच येशील का, आणि आमचं बजेट पुरेल का. तुझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. तेवढ्या काळात आमची ऑफर दाखवून दुसरीकडून मोठी ऑफर आणणारे खूप असतात. मग आम्हाला पुन्हा पहिल्यापासून शोध. भीती त्याची असते.”

मग त्याने मोदकाच्या ताटाशेजारीच कागद ओढला आणि चार शब्द लिहिले: अर्ज, फेरी, तोंडी होकार, लेटर. “जे ज्या पायरीवर आहे, ते त्याच पायरीचं नाव घेऊन सांगायचं. अर्जाला मुलाखत म्हणायचं नाही, तोंडी होकाराला ऑफर म्हणायचं नाही. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. आणि तारीख माहीत असेल तर ती सांगायची, कारण आमच्या कामाची तीच असते.” मी विचारलं, “आणि काहीच नसेल तर?” तो म्हणाला, “तर म्हणायचं, शोध नुकताच सुरू केलाय, मोजक्याच ठिकाणी अर्ज केलेत, मुलाखतीपर्यंत गेलेली तुमचीच प्रक्रिया आहे. हे खरंही आहे आणि लाचारही नाही.” अर्थात, अर्ज खरोखर केलेले असले तरच.

नोव्हेंबरमध्ये कसोटी लागली. मी म्युच्युअल फंडांच्या एनएव्हीचं, म्हणजे युनिटची किंमत काढण्याचं काम करते. दोन ठिकाणी गाडी पुढे गेली होती. एक कंपनी ऐरोलीची, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने थोड्या मिनिटांत पोचता येईल अशी. दुसरी लोअर परळची, म्हणजे रोज करी रोडला उतरून चालत जाणं. पण तिथे एआयएफचं, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंडांचं काम होतं आणि मला ते शिकायचं होतं. ऐरोलीची दुसरी फेरी झाली होती, परळची पहिलीच.

परळच्या मॅडमनी प्रश्न विचारला तेव्हा मी आधी घरी मोठ्याने म्हणून पाहिलेलं उत्तर दिलं. “अजून एका ठिकाणी मुलाखती सुरू आहेत. तिथली दुसरी फेरी झालीय, निर्णय पुढच्या आठवड्यात अपेक्षित आहे. लेखी ऑफर अजून नाही. तुमच्याकडचं काम मला जास्त हवंय, कारण एआयएफचा अनुभव मला घ्यायचाय.” त्यांनी कंपनीचं नाव विचारलं. मी म्हटलं, “नाव सांगणं मला बरोबर वाटत नाही, तुमचंही मी तिथे सांगितलेलं नाही. पण काम फंड अकाउंटिंगचंच आहे.” त्यांनी आकडा विचारला. “त्यावर अजून बोलणं झालेलं नाही,” हेही खरंच होतं. त्या “बरं” म्हणाल्या आणि शेवटच्या फेरीची तारीख दिली: दोन आठवड्यांनंतरचा शुक्रवार.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी ऐरोलीचा तोंडी होकार आला. मला लगेच परळला कळवायची घाई झाली होती. दादा म्हणाला, थांब, मेल येऊ दे. तोंडी होकार फिरतात, आणि तू एकदा ऑफर म्हणालीस की ती परत घेता येत नाही. लेटर बुधवारी आलं: १२.५ लाख, त्यातले ११ फिक्स्ड, दीड व्हेरिएबल, आणि उत्तर सोमवारपर्यंत.

इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. ‘सोमवारपर्यंत सांगा’ असं परळला म्हटलं आणि त्यांनी ‘मग ती घ्या’ म्हटलं, तर मला ती घेता यायला हवी होती. म्हणून आधी मी स्वतःशी ठरवलं: परळने वेळेत सांगितलं नाही तर ऐरोली, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. मग ऐरोलीला फोन करून थोडी मुदत मागितली. “एका प्रक्रियेची शेवटची फेरी बाकी आहे, ती पूर्ण करून पक्कं उत्तर द्यायचंय, गुरुवारपर्यंत चालेल का?” त्यांनी मान्य केलं. त्यानंतरच परळला मेल केली:

“मागे सांगितलेल्या ठिकाणाहून आज लेखी ऑफर आली आहे. त्यांना पुढच्या गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पसंती तुमच्या कामाला आहे, म्हणून शेवटची फेरी त्याआधी घेता येईल का, हे विचारते आहे.”

‘नाहीतर’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. आकडाही लिहिला नाही, कारण मागणं तारखेचं होतं.

फेरी मंगळवारी झाली. बुधवारी मॅडमचा फोन: “ऑफर लेटर पाठवता का?” जिना आठवला. पण या वेळी लेटर खरं होतं, आणि मी ते नीट वाचलं होतं. त्यातला मजकूर बाहेर देऊ नये असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी म्हटलं, “मॅडम, लेटर गोपनीय आहे, ते पाठवणं योग्य होणार नाही. तुमचं लेटरही मी कुणाला पाठवणार नाही. फिक्स्ड ११ आणि व्हेरिएबल दीड, एवढं सांगते.” खरं तर आकडाही त्याच मजकुराचा भाग होता आणि तो सांगावा की नाही यावर मी रात्रभर घुटमळले होते. आज विचारलं तर मी फक्त माझी अपेक्षा सांगेन, ‘फिक्स्ड १२’, आणि थांबेन.

संध्याकाळी परळची ऑफर आली: १२ फिक्स्ड, १ व्हेरिएबल. गुरुवारी सकाळी, मुदत संपायच्या आत, मी ऐरोलीला फोन करून नकार कळवला आणि आभार मानले.

नोटीसच्या ९० दिवसांत परळच्या मॅडमचा दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. “अजून कुठे मुलाखती सुरू आहेत का?” मी नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल बंद करून टाकलं होतं. “नाही मॅडम,” मी म्हणायचे, “शेवटचा दिवस २६ फेब्रुवारी, १ मार्चला येते.”